मांजराच्या पिल्लाला पहिल्यांदा व्हेटकडे न्यायचंय, काय तपासतात, सोबत काय न्यायचं?

पेडण्याची_प्राजू
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यातल्या मुसळधार पावसात आमच्या मागीलदारी नारळाच्या सोडणांच्या ढिगात एक पिल्लू सापडलं. आई दिसलीच नाही, दोन रात्री वाट बघितली मग घरात घेतलं. पिवळसर केशरी आहे, बोका असावा. पेज आणि त्यात कुस्करलेला बांगडा खातो, दूध पण पितो. पण पोट टम्म फुगलेलं असतं, सारखं अंग खाजवतो आणि कानात काहीतरी काळं काळं दिसतं. शनिवारी म्हापशाला एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आमची आधीची भाटी कायम घरचीच, तिला नसबंदीपुरतं नेलं होतं ते पण यांनी, त्यामुळे मला काहीच अनुभव नाही. तर नक्की काय तपासतात? सोबत काय न्यायचं? आणि डॉक्टरांना काय काय विचारून घेऊ? पहिल्याच दिवशी सगळी इंजेक्शनं देऊन टाकतात का?

बोरीकर
प्राजू, हो, एकाच फेरीत सगळं उरकून घे. ट्रायकॅट, रेबीज, जंताचं औषध. पेडण्याहून परत परत कोण जाणार. आणि डॉक्टरकडे नेताना आदल्या रात्रीपासून काही खायला देऊ नकोस, पोट रिकामं लागतं, आमच्या मांजरीच्या वेळी तसंच सांगितलं होतं.

मांडवीपार
बोरीकर काका, तुमच्या मांजरीचं ऑपरेशन होतं का त्या दिवशी? मला वाटतं उपाशी ठेवायचं ते फक्त भूल द्यायची असेल तेव्हा. पण जाणकारांनी सांगावं.

दवाखानेवाली
बरोबर, ते भुलेसाठी. आणि तिथेसुद्धा मोठ्या मांजराचा नियम पिल्लाला लावायचा नाही. एवढंसं पिल्लू रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरते, थंड पडतं, लुळं पडतं. मी फोंड्याला बरीच वर्षं दवाखाना चालवलाय, सकाळी नुसतं उपाशी ठेवल्यामुळे टेबलवर गळून गेलेली पिल्लं आणून दाखवली आहेत लोकांनी. प्राजू, तुझ्या पिल्लाला नेहमीसारखं खायला दे, फक्त निघायच्या तासभर आधी पोटभर देऊ नकोस, म्हणजे गाडीत ओकणार नाही. थोडं खाणं डबीत घालून सोबतही घे, तपासताना त्याच्या नाकासमोर धरता येतं.

आणि दूध बंद कर. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, मग पातळ शी होते आणि ती जंतांमुळे की दुधामुळे ते डॉक्टरला कळत नाही. पेज-बांगडा आत्तापुरतं ठीक आहे पण पिल्लांचं खाणं म्हणून जे पॅकेट मिळतं ते आजपासून थोडं थोडं मिसळायला लाग.

आता मुख्य गोष्ट. तू विचारलंस पहिल्याच दिवशी सगळी इंजेक्शनं देतात का. पहिली भेट इंजेक्शनासाठी नसतेच मुळी. हे पिल्लू लस झेपण्याइतकं धड आहे का, ते आधी बघतात. फुगलेलं पोट, खाज, रस्त्यावरचं, आई नाही, हे तू जे लिहिलंयस त्यावरून मला सगळ्यात आधी बघायच्या आहेत त्याच्या हिरड्या. आज संध्याकाळी उजेडात ओठ हळूच वर कर आणि बघ गुलाबी आहेत की फिकट. तुझ्या भाटीच्या हिरड्या शेजारी बघ म्हणजे फरक कळेल. इथे लिही.

सांताक्रूझचा_सुहास
आमचा बोका दोन दिवस सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय, ओरडतो पण शू दोन थेंबच होते. त्यालाही पहिल्यांदाच नेणार आहे, सोमवारी. शूचं सॅम्पल न्यावं लागेल का? कशात धरायचं?

दवाखानेवाली
सुहास, सोमवार नाही, आत्ता. धागा बाजूला ठेव आणि गाडी काढ. बोक्याची शू अडली तर मूत्राशय फुगत जातं, एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. सॅम्पल वगैरे काही नको, ते तिथे नळी घालून काढतील. आधी फोन करून विचार की अडलेल्या बोक्याला नळी घालायची सोय आहे का, नसेल तर कुठे आहे ते तेच सांगतील.

सांताक्रूझचा_सुहास
निघालो.

पेडण्याची_प्राजू
बापरे. सुहास, कळवा नक्की.
डॉक्टर, बघितलं. भाटीच्या हिरड्या चांगल्या गुलाबी आहेत, याच्या पांढरटच वाटतात, अगदी पांढऱ्या नाही पण फिकट. खेळतो मात्र छान, लेकीच्या बोटाला चावतो सारखा.

दवाखानेवाली
खेळतोय म्हणजे शनिवारपर्यंत थांबता येईल, पण खेळणं कमी झालं, धापा टाकायला लागला किंवा हिरड्या आणखी पांढऱ्या वाटल्या तर शनिवारची वाट बघायची नाही.
आता एक कर. पांढरा ओला कापूस घे, शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून कातडीवरचे काळे बारीक कण त्यावर उचल आणि मिनिटभर थांब. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची शी. ते पचलेलं रक्त असतं, त्याचंच. नुसती माती असेल तर लाल होत नाही.

बोरीकर
पिसवा असतील तर माझ्याकडे कुत्र्याचे मानेवर घालायचे थेंब आहेत, महागाचे आहेत, चांगले. अर्धाच डोस घाल पिल्लाला.

दवाखानेवाली
काका, हे अजिबात करू नका आणि प्राजू तूही नको. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहज पचवतो, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. काही तासांत थरथर सुरू होते, मग झटके. अर्धा डोस, पाव डोस, काही उपयोग नाही, विष ते विषच. पॅरासिटामॉलचंही तसंच, ताप वाटला म्हणून अर्धी गोळीसुद्धा नाही. टी ट्री तेल वगैरे पण नको. शनिवारपर्यंत फक्त बारीक दातांची फणी घे, मानेपासून शेपटीपर्यंत विंचर आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडव, पिसवा तिथेच मरतात. आंघोळ घालू नकोस, या पावसात गारठेल.

पेडण्याची_प्राजू
कापूस लाल झाला. चांगला लाल. दोन्ही बाजूंनी. फणी आणायला सांगितली आहे. बाकी काय न्यायचं ते सांगा ना. आणि माझ्याकडे कॅरियर नाही, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन जाईन म्हणते, यांच्या मागे स्कूटरवर.

मांडवीपार
नाही गं प्राजू, मांडीवर नको. म्हापशाच्या सिग्नलला एक हॉर्न वाजला की पिल्लू टॉवेलातून निसटून ट्रकखाली. कॅरियर आणलंस तर ज्याचं वरचं झाकण पूर्ण निघतं ते घे, मी कितीतरी वेळा बघितलंय, पुढच्या दारातून ओढून काढलं की मांजर आधीच पिसाळतं आणि मग कोणालाच हात लावू देत नाही. झाकण काढलं की ते खालच्या अर्ध्यात आपल्याच टॉवेलवर बसून राहतं आणि डॉक्टर तिथेच तपासतात. आत्ता नसेल मिळत तर बाजारात प्लास्टिकच्या भाजीच्या जाळीदार टोपल्या मिळतात, दोन सारख्या घे, एकावर एक उपडी घाल आणि चारी बाजूंनी सुतळीने बांध. आजपासून घरात उघडी ठेव, त्यातच खायला दे, त्याचा रोजचा टॉवेल आत घाल. निघताना वरून चादर टाक, पाऊस पण लागणार नाही आणि बाहेरचे कुत्रे पण दिसणार नाहीत. स्कूटरवर पायापाशी ठेवू नकोस, वळणावर घसरतं, मागे बसून दोन्ही हातांनी धर. जमलं तर रिक्षा कर.

आणि दवाखान्यात टोपली जमिनीवर ठेवू नकोस, कुत्री येऊन हुंगतात. मांडीवर ठेव नाहीतर बाकावर.

दवाखानेवाली
मांडवीपार यांनी छान सांगितलं. माझ्याकडून एकच जास्तीची गोष्ट, शी. शनिवारी सकाळची ताजी शी, चमचाभर पुरते, माती किंवा वाळू न लागलेली, स्वच्छ झाकणाच्या डबीत. निघायला वेळ असेल तर डबी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, फ्रीजरमध्ये नको. आपल्या हवेत ती बाहेर राहिली तर काही जंतांची अंडी दिवसभरात फुटून जातात, मग सूक्ष्मदर्शकाखाली अंडीच दिसत नाहीत आणि रिपोर्ट चुकीचा चांगला येतो.
घरात एखादं औषध दिलं असेल तर त्याचं पाकीट. खोकतो, शिंकतो असं काही असेल तर मोबाइलवर शूट करून ने, टेबलवर चढलं की मांजर काहीच करून दाखवत नाही.

आणि तू मघाशी लिहिलंस लेकीच्या बोटाला चावतो. रक्त आलंय का?

पेडण्याची_प्राजू
हो एकदा थोडंसं आलं होतं, खेळताना. दातच किती बारीक आहेत हो त्याचे.

बोरीकर
त्याचं काही नाही. गोव्यात रेबीज संपलाय, पेपरात आलं होतं.

दवाखानेवाली
काका, 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. नियंत्रित म्हणजे संपला असं नाही. 2014 पासून मिशन रेबीजची माणसं जाळी घेऊन गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचतायत म्हणून हे जमलं, पण सोडणांच्या ढिगातल्या या पिल्लाला लस कोणी दिली? आणि आपल्या सीमेपलीकडे रेबीज आहेच.
प्राजू, जखम जुनी असली तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि लेकीला उद्याच सरकारी दवाखान्यात दाखव, तिथे लस मिळते. पिल्लू दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का ते तिथले डॉक्टर ठरवतील, पण दहा दिवस वाट बघून मग जाऊ असं करायचं नाही. शनिवारी व्हेटना पण हे आठवणीने सांग.

पेडण्याची_प्राजू
उद्या सकाळीच नेते. सासूबाई म्हणत होत्या मांजराचं चावणं काही नसतं म्हणून मी पण सोडून दिलं होतं.

सांताक्रूझचा_सुहास
नळी घातली, बोका तिथेच ठेवलाय. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलात. खूप आभार. धागा प्राजूताईंचा आहे, मी थांबतो.

*(शनिवार संध्याकाळ)*

पेडण्याची_प्राजू
मंडळी, जाऊन आले. लेकीला पहिला डोस झालाय, पुढच्या तारखा दिल्या आहेत.

आता पिल्लाचं. पहिली गोष्ट, तो बोका नाही, ती आहे! डॉक्टरांनी शेपटी वर करून दाखवलं, मादीत दोन्ही छिद्रं अगदी जवळजवळ असतात आणि नरात मध्ये बरंच अंतर असतं. केशरी बहुतेक नर असतात पण सगळे नाही, असं म्हणाले.

आधी वजन केलं, काट्यावर टोपलीचं वजन वजा करून. 780 ग्रॅम. मग तोंड उघडून दात बघितले, दुधाचे सगळे आलेत, मागच्या दाढासुद्धा, म्हणजे दोन महिन्यांच्या आसपास. म्हणाले या वयाला वजन थोडं कमीच. टाळूला चीर आहे का तेही बघितलं. हिरडीवर बोट दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पाणी कमी झालंय का त्यासाठी. मग छाती ऐकली, बराच वेळ ऐकली. पोट दोन्ही हातांनी चाचपलं. ताप मागून बघितला, 101.8, तर मी घाबरले पण मांजरांचं 102.5 पर्यंत ठीकच असतं म्हणे. कानातलं काळं काडीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मलाही बघायला बोलावलं, कॉफीच्या चोथ्यासारखं दिसतं त्यात चक्क पाय हलवणारे किडे होते! लेक तर तिथून हलेना. शेवटी शी तपासली, त्यात अंकुशकृमीची अंडी सापडली. पायातून एक थेंब रक्त घेऊन बघितलं, रक्त कमी आहे पण बाहेरून देण्याइतकं कमी नाही असं म्हणाले.

जंताचं औषध तिथेच पाजलं, कानात थेंब घातले, पिसवांसाठी एक स्प्रे हातमोज्यावर घेऊन अंगाला चोळला. आणि लस दिलीच नाही! म्हणाले दहा दिवसांनी या. आता यांना वाटतंय फुकट फेरी पडली. डॉक्टर हे बरोबर आहे का?

दवाखानेवाली
फुकट नाही गं. बघ, अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, पिसवा बाहेरून पितात, पाऊण किलोच्या जिवात रक्त असतं किती, पन्नास मिलीच्या आसपास. म्हणून हिरड्या फिकट. जंत आणि पिसवा गेल्या की नवं रक्त तयार व्हायला लागतं, आठवडा-दहा दिवसांत हिरड्या परत गुलाबी व्हायला हव्यात. तोपर्यंत थांबायचं ठरवलं त्यांनी, मी पण तेच केलं असतं.
स्वयंपाकाच्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन कर आणि लिहून ठेव. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर दहा दिवसांची वाट न बघता फोन.

नाईकांची_रेवा
माझं मत वेगळं आहे. आमच्या डॉक्टरांनी आमच्या दोन्ही पिल्लांना जंत असतानाच पहिली लस दिली होती, किरकोळ आजारात लस चालते असं ते म्हणाले. कारण पॅनल्यूकोपेनिया पिल्लाला गाठतो तेव्हा दहा दिवस थांबत नाही. शेजारच्यांची तीन पिल्लं एका आठवड्यात गेली, उलट्या, मग काहीच खाईनात, संपलं. रस्त्यावरचं पिल्लू असेल तर मी थांबले नसते.

दवाखानेवाली
रेवा, तुझं म्हणणं चुकीचं नाही. नुसते जंत असते, हिरड्या गुलाबी असत्या तर मीही त्याच दिवशी दिली असती. इथे रक्त कमी आहे. यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत आणि ज्यांनी पिल्लू हातात घेतलंय त्यांचं मी जास्त धरीन. पण तू म्हणतेस तो धोका खरा आहे, म्हणून प्राजू, या दहा दिवसांत तिला बाहेर अंगणात सोडायचं नाही आणि तुमच्या भाटीपासून वेगळ्या खोलीत ठेवायचं. भांडी वेगळी, लिटर वेगळं. आधी भाटीचं काम, मग पिल्लाचं, मग हातपाय धुवायचे. भाटीची लस कधी झाली होती?

पेडण्याची_प्राजू
नसबंदीच्या वेळी एक दिली होती बहुतेक, कसली ते माहीत नाही. कार्ड सापडत नाही. चार वर्षं झाली.

दवाखानेवाली
मग पुढच्या वेळी भाटीबद्दल विचार, तिचीही पुन्हा सुरुवात करायला लागेल. आणि या पिल्लाच्या कार्डावर प्रत्येक लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवून सही घे. नुसतं "लस दिली" असं लिहिलं तर चार वर्षांनी तुझ्यासारखं कोणालाच काही कळत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये.

बोरीकर
पण तीन-तीनदा लस कशाला? एकदा दिली की पुरे की. आमच्या मांजरीला एकच दिली, बारा वर्षं जगली.

दवाखानेवाली
काका, आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात काही आठवडे असतं आणि तेच लस बाद करतं. ते कोणत्या पिल्लात केव्हा संपेल ते बाहेरून कळत नाही, कुणात आठव्या आठवड्यात, कुणात चौदाव्या. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देतात, म्हणजे त्यातली एक तरी लागू पडते. शेवटची चुकवली तर आधीच्या सगळ्या वाया गेलेल्या असू शकतात. रेबीजची तीन महिन्यांना, मग वर्षाने.

मांडवीपार
प्राजू, पुढच्या वेळी नसबंदीची तारीख पण विचारून ठेव. मादी चार-पाच महिन्यांत माजावर येते, लोक सहा महिन्यांची वाट बघतात आणि तोवर पोटात पिल्लं.

पेडण्याची_प्राजू
हो विचारते. मी कागदावर लिहून ठेवलंय, जंताचं औषध परत कधी आणि तेव्हाच्या वजनाला किती मिली, कानातले थेंब किती दिवस, भाटीला पण कानात घालायचे का, लस कधी, नसबंदी कधी, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. आणखी काही?

नाईकांची_रेवा
ल्युकेमियाची आणि एफआयव्हीची टेस्ट विचार. रक्ताच्या दोन-तीन थेंबांवर होते. भाटीबरोबर राहणार असेल तर एकत्र करायच्या आधी.

दवाखानेवाली
हे चांगलं सुचवलंस. फक्त इतक्या लहान वयात एफआयव्ही पॉझिटिव्ह आली तर लगेच हाय खायची नाही, आईच्या अंगातून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही तसं दिसतं, सहा महिन्यांनंतर परत करायची. भाटीच्या कानातल्या थेंबांचं तर नक्की विचार, कानातले किडे एकापासून दुसऱ्याला लागतात, वेगळं ठेवायच्या आधी दोघी एकत्र होत्या ना?

पेडण्याची_प्राजू
पहिले तीन-चार दिवस एकाच टोपलीत झोपायच्या. म्हणजे भाटीच्या अंगावर पण पिसवा असतील. उद्या कापूस लावून बघते आणि लिहिते.

बोरीकर
प्राजू, ते कुत्र्याचे थेंब मी कपाटात वेगळे काढून ठेवले, पाकिटावर नाव वाचलं, परमेथ्रिनच आहे. दुसरी एक गोष्ट विचारायची होती डॉक्टर, आमच्या कुत्र्याला ते लावले की तो आणि शेजारची मांजर एकाच पडवीत झोपतात, त्याचं काय?

दवाखानेवाली
काका, लावल्यावर दोन-तीन दिवस तरी दोघांना वेगळं ठेवा, मांजर त्याला चाटते, अंगाला अंग घासते, तेवढ्यानेही बाधू शकतं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा की घरात मांजर येते, परमेथ्रिन नसलेले थेंब देतील.